क्रिकेटच्या सट्ट्यावरची कथा: कर्ज चढतं कसं, उतरतं कसं

प्रश्न: मी एक लघुकथा लिहितेय. नायक अमेय, वय 26, डोंबिवलीत आईबाबांबरोबर राहतो, अंधेरीत ऑफिस, हातात पगार 34,000. आयपीएलवर शंभर-दोनशे लावता लावता कर्जात जातो आणि शेवटी सावरतो. पहिला खर्डा वाचून एकजण म्हणाला, "कर्ज अचानक झालं आणि अचानक फिटलं." रक्कम खरोखर कशी वाढत जाते? सावरणं खरं वाटावं म्हणून काय दाखवू? बुकीचे गुंड घरी येतात, ते ठेवू की काढू?

उत्तर:

गुंड काढा. आणि कर्ज एकदा नाही, दोनदा फेडायला लावा. पहिल्यांदा बाबा फेडतील आणि त्यानेच गोष्ट बिघडेल. दुसऱ्यांदा अमेय स्वतः फेडेल आणि त्याला दोन वर्षं लागतील. तुमच्या कथेला जो मधला भाग नाही, तो हाच.

गुंडांचं आधी उरकतो. फोनवर भाव विचारून उधारीवर लावायचं आणि आठवड्याने हिशेब करायचा, ही जुनी पद्धत अजून आहे, पण अमेयसारखी मुलं त्या वाटेने जात नाहीत. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर 'आयडी' मिळतो, म्हणजे सट्ट्याच्या साइटचं लॉगिन. एक रुपया म्हणजे एक कॉइन. पैसे आधी भरायचे, मग खेळायचं. त्यामुळे बुकीचं त्याच्याकडे येणं काही राहतच नाही; त्याचं देणं असतं ते भरायला पैसे देणाऱ्यांचं. शिवाय पैजेतून निघालेलं देणं कोर्टात वसूल होत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 पैजेचा करारच निरर्थक ठरवतं. दारावर कोणी यायचंच असेल तर सावकार येईल, किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीचा वसुलीवाला फोन करेल, आणि तोही बहुधा घरी न करता ऑफिसच्या रिसेप्शनवर. गुंडापेक्षा रिसेप्शनवरच्या मुलीने "अमेय, तुझ्यासाठी परत तोच फोन" म्हणणं कथेत जास्त बोचेल.

आता सुरुवात. काळ 2024 चा धरा. त्या वर्षी आयपीएल 22 मार्चला सुरू झालं, 26 मेला संपलं, आणि जूनभर टी-20 विश्वचषक होता, म्हणजे सलग तीन महिने रोज संध्याकाळी काही ना काही. आधी फँटसी अ‍ॅपवर 49 रुपयांची टीम. मग ऑफिसातला एकजण आयडी देतो. पहिल्या आठवड्यात 500 चे 6,200 होतात. तो 3,000 काढून बघतो आणि दहा मिनिटांत ते खात्यात येतात. हा प्रसंग घाईत उरकू नका. त्याला जिंकण्याने जेवढा विश्वास बसत नाही, तेवढा पैसे हातात आल्याने बसतो. "फसवे असते तर दिले असते का?" हे वाक्य पुढचे सहा महिने तो स्वतःला ऐकवणार आहे.

इथे एक तांत्रिक गोष्ट नीट कळली पाहिजे, नाहीतर तो का हरतो हे वाचकाला पटत नाही. मॅच कोण जिंकणार याच्या भावात बुकीचा वाटा अगदी थोडा असतो. त्याची खरी कमाई सेशनवर. सेशन म्हणजे पहिल्या 6 षटकांत किती धावा होणार, 10 षटकांत किती, अमुक फलंदाज किती करणार. पडद्यावर 48-49 दिसतं. 'येस' म्हणणारा 49 किंवा जास्त झाल्या तर जिंकतो, 'नॉट' म्हणणारा 47 किंवा कमी झाल्या तर. बरोबर 48 झाल्या की दोघंही हरतात. कधी आकडा दोन्हीकडे 48 च असतो आणि फरक पैशांत असतो: येसवाल्याला 100 लावून 90 मिळतात, नॉटवाल्याला 100 जिंकायला 110 लावावे लागतात. कुठूनही बघा, रुपयाला साधारण 90 पैसे.

आता अमेयला क्रिकेट उत्तम कळतं असं धरा, पण सेशनमध्ये त्याचा अंदाज निम्म्या वेळा बरोबर आणि निम्म्या वेळा चूक. हजार लावले की एकदा 900 मिळतात, एकदा 1,000 जातात. दोन डावांत 100 गेले, म्हणजे दर डावाला सरासरी 50. एका मॅचमध्ये दोन्ही पाळ्या मिळून वीस सेशन सहज होतात. वीस हजारांची उलाढाल, सरासरी तोटा 1,000. आणि हे सगळं खिशातल्या तीन हजारांवर, कारण तेच पैसे फिरत राहतात. महिन्यात तीस मॅच धरल्या तर 30,000, म्हणजे जवळजवळ त्याचा पगार. एवढ्यात कुठेही त्याने मूर्खपणा केलेला नाही. म्हणून 'एका रात्रीत लाख हरला' असं लिहायची गरज नाही. तसंही होतं, पण त्याआधी शंभर साध्या संध्याकाळी झालेल्या असतात.

मूर्खपणा त्यानंतर सुरू होतो. त्याला त्यांच्या भाषेत 'लॉस कव्हर करणं' म्हणतात. हरलं की दुप्पट लावायचं, एकदा तरी लागेलच आणि सगळं वसूल होईल, हा हिशेब प्रत्येकाला आपला स्वतःचा शोध वाटतो. 90 पैशांच्या भावात तो साधा बेरजेतही बसत नाही. 500, 1,000 आणि 2,000 हरला, एकूण गेले 3,500. चौथ्यांदा 4,000 लावून जिंकला तर 3,600 मिळतात, म्हणजे 100 रुपये फायदा. पण चौथाही हरून पाचव्याला 8,000 लावले, तर तोवर 7,500 गेलेले आणि मिळाले 7,200. जिंकूनही 300 तोटा. सहाव्याला 16,000 लावून जिंकला तरी 1,100 कमीच. या गणिताचं एक छान दृश्य होईल: तो जिंकतो, लोकलच्या दारात उभ्या उभ्या मूठ आवळतो आणि मग बॅलन्स बघतो. आकडा जुळत नाही. अ‍ॅपने फसवलं असं वाटून तो दिवा स्टेशनपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर भांडत राहतो. फसवलं कोणीच नाही, भाव 90 चा होता.

कर्जाची शिडी चढायला एक ठरलेला क्रम असतो आणि तो लाजेच्या क्रमाने जातो. ज्याला तोंड दाखवावं लागत नाही, तो आधी. म्हणून पहिली साठवलेली रक्कम, मग क्रेडिट कार्ड, मग मोबाइलवरचं वैयक्तिक कर्ज, मग सात दिवसांची अ‍ॅप्स, मग मित्र आणि शेवटी सावकार. बहुतेक कथांत मित्र पहिले येतात. तसं क्वचितच होतं. मित्राला कारण सांगावं लागतं, अ‍ॅपला फक्त पॅन आणि आधार.

प्रत्येक पायरीवर काय चुकतं तेही वेगळं. कार्डवर तो 58,000 पर्यंत जातो आणि दरमहा 'किमान देय' भरतो. किमान देय साधारण 5 टक्के, म्हणजे 2,900. पण महिन्याला 3.5 टक्क्यांनी व्याज होतं 2,030 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 365. म्हणजे 2,900 भरून मूळ रक्कम जेमतेम 500 ने खाली येते. स्टेटमेंटवर 'थकबाकी नाही' असं दिसतं, म्हणून तो निर्धास्त राहतो. सात दिवसांच्या बेकायदा अ‍ॅपचं गणित याहून उघडंवाघडं: कर्ज 10,000 चं, 'प्रोसेसिंग' कापून हातात 7,000, आठव्या दिवशी 10,000 परत. ते फेडायला दुसरं अ‍ॅप, त्याला तिसरं. ही अ‍ॅप्स फोनमधले सगळे नंबर आणि फोटो उचलतात. नियमाप्रमाणे चालणाऱ्या कर्जाच्या अ‍ॅपला रिझर्व्ह बँकेने कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायला बंदी केलीय, म्हणून तीच परवानगी मागितली जाणं ही ओळखायची खूण. सावकार महिन्याला 10 टक्के घेतो. 50,000 वर दरमहा 5,000, मुद्दल जागच्या जागी.

घरच्यांना कसं कळावं यासाठी पैशाशिवायची एक खूण वापरा. विश्वचषक संपला की क्रिकेट कमी होतं, पण आयडी बंद होत नाही. त्यातच तीन पत्ती, अंदर-बाहर आणि ज्यांची नावंही त्याने कधी ऐकली नाहीत अशा लीग असतात. रात्री दोन वाजता तो कुठल्यातरी टी-10 मॅचवर लावतोय आणि दोन्ही संघांतला एकही खेळाडू त्याला माहीत नाही. 'मला क्रिकेट कळतं म्हणून मी खेळतो' हे तिथे संपलेलं असतं. समुपदेशक नेमका हाच प्रश्न विचारतात: शेवटचं कधी अशा खेळावर लावलंस, जो तुला कळत नव्हता?

जून 2024 अखेर त्याच्यावर कार्डचे 58,000, कर्ज देणाऱ्या कंपनीचे 76,000, चार मित्रांचे मिळून 45,000, सावकाराचे 50,000 आणि अ‍ॅप्सचे 34,000 आहेत. एकूण 2,63,000. आता तो बाबांना सांगतो. आणि सांगतो 1,20,000.

पहिली कबुली अर्धीच असते. हे लबाडीने होतं असं दाखवू नका. कंपनीच्या कर्जाचा हप्ता आपण पगारातून भरू, सावकाराचं नाव काढलं तर आई हाय खाईल, मित्र थांबतील, असा त्याचा प्रामाणिक हिशेब असतो. कार्ड आणि अ‍ॅप्स मिळून 92,000, वर 'थोडे मित्रांचे' 28,000. बाबा एफडी मोडतात आणि 1,20,000 त्याच्या खात्यात टाकतात. कथेतली सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती करणारा माणूस भला आहे.

पुढे काय होतं बघा. 92,000 तो खरंच भरतो. उरलेले 28,000 मित्रांना द्यायचे असतात, पण सावकाराचं व्याज डोक्यावर असतं आणि बाबांना ते सांगितलेलं नसतं, म्हणून 'एवढ्यात एकदा काढून टाकतो' म्हणत ते आयडीत जातात. शिवाय कार्ड भरलं म्हणजे 60,000 ची मर्यादा पुन्हा मोकळी झाली. अ‍ॅप्सचं वेळेवर फिटलं, म्हणून ती आता जास्त रक्कम द्यायला तयार. घरच्यांना वाटतं भोक बुजलं. प्रत्यक्षात त्याच्या हाती नवं भांडवल आलेलं असतं. कार्ड भरल्यावर ते बंद करायचं किंवा मर्यादा कमी करून घ्यायची, आणि पैसे मुलाच्या खात्यात न टाकता थेट देणेकऱ्याला द्यायचे, या दोन गोष्टी त्या दिवशी झाल्या असत्या तर तुमची कथा सहा महिन्यांनी आखूड झाली असती.

दुसऱ्यांदा उघड होण्यासाठी मी एक प्रसंग सुचवतो. हल्ली तो वारंवार घडतो आणि कथांत दिसत नाही. अमेय जिंकतो. जानेवारी 2025 मध्ये तो 9,000 रुपये काढतो. आयडीतून येणारे पैसे कधीच कुठल्या कंपनीच्या नावाने येत नाहीत; ते भाड्याने घेतलेल्या अनोळखी खात्यांतून येतात, आणि त्याच खात्यांतून इतर ऑनलाइन फसवणुकीचेही पैसे फिरतात. दुसऱ्या राज्यात कोणीतरी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केलेली असते. पैशांचा माग काढत पोलिसांचं पत्र बँकेत पोचतं आणि अमेयचं पगाराचं खातं गोठतं. एक तारखेला पगार जमा होतो पण काढता येत नाही. हप्ते परत जातात, दंड लागतो, फोन सुरू होतात. शाखेत त्याला तक्रारीचा क्रमांक आणि कुठल्यातरी दूरच्या सायबर पोलीस ठाण्याचं नाव मिळतं. तिथल्या तपास अधिकाऱ्याला लेखी कळवून, व्यवहाराचा खुलासा देऊन, निदान वादातले 9,000 सोडून बाकी खातं मोकळं करा अशी विनंती करावी लागते. यात आठवडे जातात. आणि खुलाशात लिहायचं काय, तर पैसे सट्ट्याचे होते. बाबांना न सांगता हे निभावणं अशक्य.

आता दुसरी यादी. हा प्रसंग जवळून लिहा. पहिल्या वेळेला बाबांनी विचारलं होतं, "किती?" या वेळी तो प्रश्न कोणी विचारू नये. रक्कम विचारली की माणूस सोसवेल असा आकडा सांगतो. नावं विचारायची.

बाबांनी गेल्या वर्षीच्या कालनिर्णयचं पान उलटं केलं. "आकडा नको सांगूस. नावं सांग."

"कार्ड."

"पुढे."

"दोन कर्जं आहेत, कंपन्यांची."

"एक म्हणाला होतास."

"दुसरं नोव्हेंबरात घेतलं."

आईने गॅस बंद केला आणि ती येऊन खुर्चीत बसली. बाबांनी लिहिलं, मग फोन मागितला. मेसेजमध्ये 'overdue' शोधलं. यादीत नसलेली तीन नावं वर आली.

"ही?"

"अ‍ॅप्स आहेत. सात दिवसांची."

"आणि ज्याचा मेसेज येत नाही असा कोण आहे?"

अमेय बराच वेळ गप्प होता. मग त्याने सावकाराचं नाव सांगितलं.

हा शेवटचा प्रश्न खऱ्या कामातला आहे. बँका आणि नोंदणीकृत कंपन्या सिबिलच्या अहवालात सापडतात. तो वर्षातून एकदा मोफत मिळतो आणि घरच्यांसमोरच काढायचा. मित्र, सावकार आणि बेकायदा अ‍ॅप्स त्यात नसतात. ती माणसालाच विचारावी लागतात आणि बहुतेकदा एका बैठकीत सगळी येत नाहीत. आठ दिवसांनी आणखी एक नाव निघालं तर घरच्यांनी 'परत खोटं' म्हणू नये. तसं झालं की पुढचं नाव निघत नाही.

यादी अशी: कार्ड 60,000, जुनं कर्ज 59,000 (मधले हप्ते चुकलेत), नवं कर्ज 96,000, मित्र 52,000, सावकार 50,000, अ‍ॅप्स 41,000. एकूण 3,58,000, आणि बाबांचे 1,20,000 वेगळे. सावकाराला सात महिन्यांत 35,000 व्याज गेलंय आणि मुद्दल तेवढंच आहे, ही ओळ बाबांनी दोनदा वाचावी.

फेडायचा क्रम रकमेवर ठरत नाही, व्याजावर ठरतो, म्हणून सावकार पहिला. अमेय बाइक विकतो, 50,000 येतात, ते थेट सावकाराकडे. बाबा बरोबर जातात आणि दोनच गोष्टी विचारतात: परवाना आहे का, आणि सही केलेला कोरा चेक परत कधी मिळेल. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे होते. हे माहीत असलेला माणूस समोर आला की सावकार सहसा मुद्दलावर थांबतो. चेक परत घेतल्याशिवाय पैसे मोजून द्यायचे नाहीत, कारण तोच चेक उद्या बँकेत टाकला आणि वटला नाही तर प्रकरण उलट अमेयवर शेकतं.

अ‍ॅप्सचे 41,000 हा मागितलेला आकडा. प्रत्येक अ‍ॅपकडून हातात किती आले आणि आजवर किती गेले हे लिहून काढलं की बहुतेकदा दिसतं, आलेल्यापेक्षा जास्त आधीच गेलेत. अमेयचं तसंच आहे असं धरा. तिथे नवं कर्ज घेऊन जुनं फेडणं थांबवायचं, स्क्रीनशॉट जपायचे, cybercrime.gov.in वर तक्रार करायची. धमकी खरी असते: वाकडेतिकडे केलेले फोटो सगळ्या नंबरांवर पाठवतात. त्यावर उपाय एकच, ते पाठवायच्या आत आपणच सगळ्यांना दोन ओळी पाठवायच्या: 'माझ्या नावाने घाणेरडे मेसेज येतील, कर्जाच्या अ‍ॅपचे आहेत, ब्लॉक करा.' हा मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर टाकताना त्याचा अंगठा किती वेळ थांबतो, ते तुम्ही लिहालच.

कार्डची थकबाकी बँकेला सांगून 24 हप्त्यांत बदलून घेता येते. दर बराच खाली येतो. 18 टक्के धरला तर हप्ता साधारण 3,000. मग कार्ड बंद. 'सेटलमेंट' करून कमी पैशांत सुटायचा सल्ला कोणीतरी देईलच. तसं केलं तर सिबिलवर खातं 'बंद' न दिसता 'सेटल्ड' असं वर्षानुवर्षं दिसतं. पगार चालू असलेल्याने ते टाळावं. दोन कर्जांचे हप्ते 5,500 आणि 5,600, मित्रांना मिळून 2,600. महिन्याला 16,700. उरलेल्या 17,300 मध्ये घरी देणं, पास, जेवण आणि पुढे बाबांचे पैसे. जुनं कर्ज संपायला तेरा महिने, बाकीची 2026 च्या शेवटापर्यंत किंवा थोडी पुढे. म्हणून कथा जर 2025 च्या दिवाळीला संपणार असेल, तर तो सावरलेला असेल पण कर्जमुक्त नसेल. दोन्ही एकाच पानावर आणू नका.

हे चालावं म्हणून पैसा त्याच्या हातातून काढून घ्यावा लागतो. पगार आला की त्याच दिवशी आईच्या खात्यात जातो, हप्ते तिथून भरले जातात, त्याला आठवड्याला 1,200 रोख मिळतात. फोनवरचं यूपीआय बंद. सट्ट्याच्या साइट अडवणारी अ‍ॅप्स आहेत, पण आयडीवाले रोज नवा पत्ता पाठवतात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबता येत नाही. भरायला पैसेच नसणं हाच टिकणारा बंदोबस्त. सव्वीस वर्षांच्या मुलाला आईकडे लोकलच्या पासाचे पैसे मागावे लागतात, यातला अपमान लपवू नका. आणि आईलाही ते नको झालेलं असतं.

मनाची बाजू थोडक्यात. ही सवय नसून आजार आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, आयसीडी-11, सांगते. उपचार म्हणजे मुख्यतः समुपदेशन: कुठल्या वेळी, कुठल्या जागी ओढ येते ते लिहायला लावतात आणि ती वेळ मोडतात. अमेयची वेळ ठरलेली आहे, सातचा टॉस आणि परतीची लोकल. त्यामुळे पहिले काही आठवडे त्याने दुसऱ्या गाडीने, कोणाबरोबर तरी यावं, असला साधा सल्ला मिळतो. सुरुवातीला झोप उडते, चिडचिड होते, हात फोनकडे जातो. आणि कर्ज उघड झाल्यानंतरचे दिवस जिवाच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे. घरातल्या कोणीतरी त्याला सरळ विचारावं, "मरायचे विचार येतात का?" विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

तो पुन्हा घसरेल. 22 मार्च 2025 ला नवं आयपीएल सुरू झालं, तेव्हा त्याचं बंद होऊन दोन महिनेही झालेले नाहीत. रोख 1,200 मधले 800 तो ऑफिसातल्या त्याच माणसाला देऊन त्याच्या आयडीवर लावतो आणि हरतो. कथेच्या दृष्टीने 800 पुरेसे आहेत, लाख नकोत. पाहायचं एवढंच, की तो घरी किती तासांनी सांगतो. 2024 मध्ये तीन महिने लागले होते. या वेळी त्याच रात्री सांगितलं तर वाचकाला बदल दिसेल, तुम्हाला वेगळं काही लिहावं लागणार नाही.

कालक्रमात एक गोष्ट सांभाळा. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि मोठ्या फँटसी अ‍ॅप्सनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. त्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे 49 रुपयांची टीम तुमच्या कथेत त्यानंतर येऊ शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा आयडी मात्र आधीही बेकायदाच होता, म्हणून 'नवा पत्ता चालू झाला' असा मेसेज अमेयला सप्टेंबरातही येऊ शकतो, आणि तो त्याने आईला दाखवून ब्लॉक केला तरी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नंबरवरून येईल.